मुलगा अगदी आपल्या विचारांचा

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या खोलीच्या पलीकडे, एक जाळीची खिडकी होती. त्या खिडकीमागे एक गृहस्थ बत्तीस वर्षं बसला आणि बत्तीस वर्षांत त्याने एकही चादर, एकही गाउन, हातमोज्यांचा एकही जोड चिठ्ठीशिवाय बाहेर जाऊ दिला नाही. सामान मागायच्या त्या छापील चिठ्ठीला तिथे इंडेंट म्हणत. वर वॉर्डात पेशंट रक्तबंबाळ पडलेला असो, नर्स धापा टाकत खाली आली की हा चष्म्यावरून तिच्याकडे बघणार आणि म्हणणार, "इंडेंट?" नमस्कार नाही, काय झालं नाही, सरळ इंडेंट. म्हणून सगळं हॉस्पिटल त्याला इंडेंट म्हणायचं. तोंडावर साहेब, पाठ वळली की इंडेंट. आपणही तेच म्हणू. अहोजाहो त्याला आयुष्यभर फुकटात मिळालंय, आणखी कशाला?

स्टोअरकीपर म्हणून तो प्रामाणिक होता, हे मान्य करायलाच हवं. एक टॉवेल घरी नेला नाही. पण प्रामाणिक माणसाला एक खोड लागते. आपण चोर नाही म्हणजे आपण शहाणेच आहोत, असं त्याला वाटायला लागतं. इंडेंटला ते फारच वाटायचं. घरात, दारात, नात्यात, जिथे म्हणून दोन माणसं काही ठरवत असतील तिथे हा तिसरा जाऊन उभा राहायचा आणि मंजूर-नामंजूर करायचा. नात्यातली अर्धी लग्नं त्याच्या चौकशीतून गेली होती. मुलाच्या ऑफिसात जाऊन पट्टेवाल्याला चहा पाजायचा, मुलीच्या शेजारणीला "घर भाड्याने मिळेल का" विचारत बोलतं करायचं, पगाराची स्लिप मागायची, आजोबा कशाने गेले ते विचारायचं. एकदा तर एका नवऱ्यामुलाला याने "जरा हे वाचून दाखवा" म्हणून दूर टांगलेली दिनदर्शिका वाचायला लावली. चष्मा लपवतोय का बघायला! आणि एवढं सगळं करून जी लग्नं लागली त्यातली किती धड चालली, हे मात्र याने कधी तपासलं नाही. माल बाहेर गेला की स्टोअरची जबाबदारी संपली.

स्वतःच्या लग्नाची गोष्ट तर तो येताजाता सांगायचा. "वीस मिनिटं! वीस मिनिटं पाहिली हिला मी. हिने मान वर केली नाही, मी तोंड उघडलं नाही. मोठ्यांनी ठरवलं, एकतीस वर्षं झाली, आहे का काही तक्रार?" हे विचारताना तो बायकोकडे बघत नसे. ऐकणाऱ्याकडे बघे. बायको तेवढ्यात कप उचलायला आत गेलेली असे. ती शाळेच्या वाचनालयात नोकरीला होती, दिवसभर मुलांना हळू बोला, हळू बोला सांगायची आणि घरी येऊन स्वतःच हळू बोलायची.

त्यांना एकच मुलगी. अठ्ठावीस वर्षांची. जमिनीचे, रस्त्यांचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात ती काम करायची. सावळी, उंच, बापासारखीच हट्टी, पण डोकं ठिकाणावर असलेली. ती पंचविशीची झाली तेव्हापासून इंडेंटची थोरली बहीण, म्हणजे अक्का, दर रविवारी फोन करायची. "अरे, पोरगी घोडनवरी झाली, तू झोपलायस की काय?" इंडेंट म्हणायचा, "बघतोय." अक्का म्हणायची, "बघतोय काय, आता पाहणं-बिहणं राहिलं नाही. फोनवर ते लग्न जमवायचं ॲप असतं, त्यात नाव घाल. आणि हे बघ, नाव कुणी घातलं असं विचारतात तिथे. पालक लिहू नकोस. पालक लिहिलं की कुत्रं विचारत नाही. हल्लीच्या मुलांना वाटतं, मुलीने स्वतः लिहिलेलं असावं. स्वतः असं लिही."

आणि या माणसाने, ज्याने बत्तीस वर्षांत एका उशीच्या अभ्र्याची खोटी नोंद केली नव्हती, त्याने 'स्वतः'वर बोट टेकवलं.

मग काय विचारता! उंचीत दोन सेंटीमीटर घटवले, कारण फार उंच मुलगी कुणाला नको असते. रंग 'गव्हाळ'. आवड: स्वयंपाक, वाचन, घर सजवणं. पोरीला अंडं उकडताना भांडं जाळायची सवय, आणि तिची खोली म्हणजे नकाशांच्या गुंडाळ्यांचा ढीग. जातीच्या रकान्यात 'आपल्यातलाच हवा' या अर्थाचं जे काही होतं त्यावर त्याने दोनदा बोट टेकवलं, एकदा टेकवून भागेल का अशी शंका येऊन. फोटो तिच्याच फोनमधून घेतला होता, कुठल्याशा पोहण्याच्या तलावावरचा. शेजारी कुणीतरी होतं, ते कापलं. कापूनही तिच्या खांद्यावर परकी दोन बोटं राहिली होती. इंडेंटला वाटलं, मैत्रिणीची असतील.

आता खरी गंमत. आठ दिवसांत एका मुलाचं उत्तर आलं. पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनियर, वय एकतीस, आपल्यातलाच, बाप निवृत्त हेडमास्तर. नाव घालणारा: स्वतः. इंडेंटने जेवण झाल्यावर, बायको भांडी आवरत असताना, खुर्चीत बसून मुलीच्या नावाने उत्तर लिहिलं. "आपला परिचय वाचून आनंद झाला." तिकडून लगेच आलं, "मलाही. आपली भाषा शुद्ध आहे. हल्ली ती दिसत नाही." इंडेंटचा ऊर भरून आला.

बावीस दिवस हे चाललं. मुलगा काय मुलगा होता! पहाटे पाचला उठायचा, कोमट पाणी प्यायचा, अर्धा तास चालायचा. पंखा तीनच्या वर ठेवू नये, सांधे धरतात, असं त्याचं मत. हल्लीची पिढी बचत करत नाही, मोठ्यांसमोर पाय पसरून बसते, लग्नाआधी फिरते आणि लग्नानंतर फिरकत नाही, असंही त्याचं मत. प्रेम काय, लग्नानंतर होतंच. आधी माणूस घरचा हवा. इंडेंट वाचायचा आणि मांडीवर थाप मारायचा. एकदा मुलाने लिहिलं, "मला वाटतं, नवरा-बायकोने एकमेकांशी फार बोलू नये. गैरसमज वाढतात." इंडेंटने मुलीच्या वतीने उत्तर दिलं, "अगदी मनातलं बोललात."

आणि तरीही रोज रात्री जेवणानंतर हे दोघं तासभर बोलत होते! बायकोशी याने तासभर बोलून किती वर्षं झाली होती देव जाणे. ती एकदा ओल्या हाताने दारात उभी राहिली आणि म्हणाली, "कुणाशी हसताय?" हा म्हणाला, "ऑफिसचं आहे." फोन उलटा करून ठेवला. साठीला टेकलेला माणूस, कानशिलं लाल झाली होती.

तिने पुढे विचारलं नाही. विचारायची सवयच नव्हती तिला.

तेविसाव्या दिवशी, सकाळी चहाच्या वेळी, मुलगी म्हणाली, "बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय. आई, तूही बस." आणि तिने सरळ सांगितलं. एक माणूस आहे. तीन वर्षं ओळखते. पोहण्याचा कोच आहे, नगरपालिकेच्या तलावावर नोकरी पक्की. तिच्यापेक्षा दीड वर्षाने लहान. आपल्यातला नाही. सोमवारी लग्नाची नोटीस देणार, मग नियमाप्रमाणे तीस दिवस थांबायचं, आणि त्यानंतरच्या शुक्रवारी अकरा वाजता नोंदणी कार्यालयात लग्न.

इंडेंटने कप खाली ठेवला. मग एकेक करून बाहेर काढायला लागला. "आपल्यातला नाही! वयाने लहान! आणि धंदा काय, तर दिवसभर चड्डीवर उभं राहून शिट्टी वाजवायची! चड्डीवाला! अक्काला काय तोंड दाखवू मी?"

"अक्काआत्याला लग्न करायचं नाहीये, बाबा."

"तीन वर्षं काय करत होतीस?"

"भांडत होते," मुलगी शांतपणे म्हणाली. "भांडून बघितलं. तो चिडला की काय करतो ते मला ठाऊक आहे. गप्प बसतो आणि गल्लीतून फेरी मारून येतो, मग बोलतो. मी चिडले की काय करते ते त्यालाही कळलंय. मूल कधी, दोघांचे आईबाप म्हातारे झाल्यावर कोण कुणाकडे, माझी बदली झाली तर कुणी नोकरी सोडायची, सगळं बोललोय. रक्त तपासून झालंय. अजून काय बघायचं असतं?"

"खानदान!"

"त्याच्या आजोबांना काय झालं होतं ते विचारून ठेवलंय मी. दमा. तुम्ही विचारणारच होतात."

बायको हसली की काय असं इंडेंटला वाटलं, पण तिने तोंडासमोर कप धरला होता. तो भडकला. तरी त्याच्या बोलण्यात एक गोष्ट अगदीच टाकाऊ नव्हती, ती इथे नोंदवून ठेवू. तो म्हणाला, "हे बघ, माझ्यासारख्या ठरवून केलेल्या लग्नात मागे दहा माणसं उभी असतात. उद्या बिनसलं तर दार ठोठावायला घरं असतात. तुझं बिनसलं तर तू कुणाकडे जाणार? त्या तलावाकडे?" हे बोलताना त्याचा आवाज जरा हलला. त्याला खरंच भीती वाटत होती. माणूस कोता असला म्हणून त्याला लेकीची काळजी नसते असं नाही.

मुलीलाही ते ऐकू आलं. ती जवळ सरकली आणि म्हणाली, "म्हणूनच तर सांगतेय. मला पळून जायचं नाहीये. मला तुम्ही त्या दिवशी तिथे हवे आहात. एवढंच मागते, आधी त्याला एकदा भेटा. एक तास. आवडला नाही तरी चालेल, पण भेटून मग नावडू द्या."

बापाला एवढं सोपं कुणी मागावं! पण इंडेंटला सोपं काही देता येत नसे. त्याच्याकडे हुकमाचा पत्ता होता ना, तो इंजिनियर. त्याने पत्ता टाकला. "ठीक आहे. आधी मी सांगतो त्या मुलाला तू भेट. मुलगा अगदी आपल्या विचारांचा आहे. रविवारी येऊ देत त्यांना घरी. मोकळ्या मनाने भेट. मग मी तुझ्या त्या चड्डीवाल्याला एक तास देतो."

"आणि शब्द फिरवलात तर?"

"माझा शब्द? बत्तीस वर्षं माझ्या सहीवर हॉस्पिटल चाललंय!"

"मग लिहून द्या," ती म्हणाली.

घरात कोऱ्या चिठ्ठ्यांचा जुना, रद्द झालेला पॅड होता. त्याने तो काढला आणि झोकात लिहिलं. वस्तू: भेट. नग: एक. कालावधी: एक तास. खाली तारीख, खाली वळणदार सही. मुलीने चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकली आणि कामाला गेली.

रविवारी चार वाजता पाहुणे आले. हेडमास्तर पुढे, इंजिनियर मागे. हेडमास्तर टक्कलवाला, खिशाला दोन पेनं, खुर्चीत बसण्याआधी खुर्ची तपासून बघणारा. इंजिनियर जाडसर, झोपाळू डोळ्यांचा, चेहऱ्यावर दंतवैद्याकडे आणल्यासारखा भाव. मुलाची आई आली नव्हती. तिचे गुडघे दुखतात म्हणे. इंडेंटने मुलाच्या पाठीवर थाप मारली, जुनी ओळख असल्यासारखी. मुलगा दचकला.

चहा आला, बिस्किटं आली. इंडेंटने पंखा मुद्दाम दोनवर ठेवला होता. मुलगा कपाळ पुसत म्हणाला, "पंखा जरा वाढवता का? फार उकडतंय."

इंडेंट डोळे मिचकावत हसला. "गंमत करता! सांधे धरतील ना."

"कुणाचे?" मुलगा म्हणाला.

"तुमचे हो! आणि उद्या पुन्हा पाचला उठायचं असेल. कोमट पाणी..."

"मी?" मुलगा म्हणाला. "मी साडेआठला उठतो काका. सुटीच्या दिवशी अकराला." मग तो थांबला. मान वळवून त्याने स्वतःच्या बापाकडे बघितलं. हेडमास्तर बिस्किटावरचे साखरेचे कण मोजत असल्यासारखे खाली बघत होते.

"पप्पा," मुलगा म्हणाला, "पाचला उठून कोमट पाणी कोण पितं आपल्या घरात?"

इंडेंटला अजून काही कळलं नव्हतं, हे विशेष! नात्यातल्या मुलांचे चष्मे शोधून काढणारा हा माणूस नुसता इकडून तिकडे बघत होता. मुलीने मात्र बापाचा फोन टीपॉयवरून उचलला. उघडायचा आकडा तिला माहीत होता, हॉस्पिटलात रुजू झाल्याचं साल. तिने वाचायला सुरुवात केली, आधी मनात, मग मोठ्याने.

"'मला स्वतंत्र राहण्याची हौस नाही. सासूबाईंच्या हाताखाली शिकायला आवडेल.' हे मी लिहिलंय? 'नोकरी काय, वेळ जावा म्हणून करते.' बाबा? आठ वर्षं मी वेळ जावा म्हणून करतेय?"

"अगं, ते बोलायची रीत..."

इंजिनियरने बापाच्या खिशातून फोन काढून घेतला होता. तो वाचत होता आणि हळूहळू त्याचं पोट हलायला लागलं. "'आपला फोटो पाहून मन प्रसन्न झालं.' पप्पा! 'आपण दोघं एका विचाराचे आहोत हे योगायोगाने घडत नसतं.' पप्पा, काय हे!" तो आता खोखो हसत होता. डोळ्यातलं पाणी पुसत तो मुलीला म्हणाला, "मला लग्नच करायचं नाहीये सध्या. पाच वेळा सांगितलंय यांना. पाच! आज म्हणाले, जुने मित्र आहेत, चहाला जाऊ."

"तसे मित्र आहेतच की," मुलगी म्हणाली. "बाबा, अभिनंदन. तुमचं जमलं."

तेव्हा कुठे इंडेंटच्या डोक्यात प्रकाश पडला. समोर बसलेल्या टकल्या म्हाताऱ्याला त्याने बावीस दिवस मनातलं सांगितलं होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनी एकदमच नजर वळवली. समंजस मुलगा, शुद्ध भाषेची मुलगी! अहो, आपल्या वयाचा, आपल्या जातीचा, आपल्यासारखाच हेकट माणूस आपल्या विचारांचा असणार नाही तर कोण असणार? मुलांना मन असतं हे ज्यांच्या गावी नाही, त्यांना दुसऱ्या म्हाताऱ्याचा आवाज मुलाचा वाटला, यात नवल ते काय.

मुलगी अजून वाचत होती. वाचता वाचता एका ठिकाणी ती थांबली, आणि तिचा आवाज खाली आला. हेडमास्तरांनी विचारलं होतं, आपल्या आईविषयी सांगा. इंडेंटने लेकीच्या नावाने लिहिलं होतं, "आईने कधी काही मागितलं नाही. बाबांनी वीस मिनिटांत तिला पसंत केलं आणि तीही पहिल्या दिवसापासून समाधानी आहे. मला तिच्यासारखंच व्हायचं आहे."

बायको आतल्या दारात ट्रे घेऊन उभी होती. तिने ते ऐकलं. ट्रे टीपॉयवर ठेवला, रिकामे कप त्यात गोळा केले आणि ती आत गेली.

पाहुणे गेले. जाताना हेडमास्तर दारात घुटमळले, "बाकी बोलणं छान झालं आपलं," असं काहीतरी पुटपुटले, आणि मुलाने त्यांना दंडाला धरून जिन्यावरून खाली नेलं.

मुलीने पर्समधून चिठ्ठी काढून बापासमोर ठेवली. "मी भेटले. आता तुमची पाळी."

आता बघा हां, या माणसाला अजूनही सुटायला वाट होती. चूक झाली म्हणायचं, एक तास द्यायचा. तो चड्डीवाला काही त्याला खाणार नव्हता. पण लाज वाटली की काही माणसं नरम पडतात आणि काही जास्त ताठ होतात. इंडेंटने चिठ्ठी उचलली, चष्मा वर केला, लांब धरून वाचली, आणि म्हणाला, "ही लागू नाही."

"का?"

"मुलाची भेट ठरली होती. भेटायला आला तो मुलगा नव्हता. म्हणजे, होता, पण ज्याच्याशी ठरलं तो नव्हता. मूळ मागणीतच दोष आहे. अशी चिठ्ठी आम्ही परत पाठवतो."

बत्तीस वर्षांत त्याने आपल्या सहीची चिठ्ठी परत पाठवली नव्हती. पहिल्यांदा पाठवली ती पोटच्या पोरीची. तिने ती उचलली नाही. ती फक्त म्हणाली, "शुक्रवारी अकरा वाजता. तारीख फ्रिजवर लिहून ठेवते. यायचं तर या." आणि खरंच, तिने तारीख फ्रिजवर लिहून ठेवली.

पुढचा महिना इंडेंटने तोंड फुगवून काढला. जेवताना बोलायचा नाही, फक्त ताट सरकवायचा. अक्काला रोज फोन करायचा. अक्का म्हणायची, "खंबीर राहा, येतील नाक घासत." याचा आपला ठाम समज, की आयत्या वेळी मुलगी येईल, पायाशी बसेल, रडेल, मग आपण विचार करू. इंडेंट असल्याशिवाय खिडकी उघडत नाही, हे जगाला कळलं पाहिजे. नोटिशीवर कुणी हरकत घेऊ शकतं असं त्याने कुठेसं वाचलं, आणि दुपारच्या सुटीत तो नोंदणी कार्यालयात जाऊनही आला. तिथल्या कारकुनाने विचारलं, "हरकत कशाबद्दल? आधीचं लग्न आहे? वय कमी आहे? जवळचं नातं आहे?" हा म्हणाला, "आपल्यातला नाही." कारकून म्हणाला, "त्याला रकाना नाही साहेब." रकाना नाही! रकान्यांवर जन्म काढलेल्या माणसाला हे ऐकवलं गेलं. तो गुपचूप परत आला आणि हे मात्र त्याने अक्काला सांगितलं नाही.

शुक्रवार उजाडला. मुलगी आदल्या दिवशीच मैत्रिणीकडे राहायला गेली होती. इंडेंट रजा टाकून, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पेपर घेऊन बसला. शर्ट का घातला ते विचारू नका. मुलगी न्यायला आली तर तयार असावं, एवढंच. कान जिन्याकडे. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. जिन्यावर कुणी आलं नाही. आतून बायको आली. तिने ठेवणीतली निळी साडी नेसली होती आणि हातात पर्स होती.

"कुठे निघालीस?"

"सही करायला. तीन साक्षीदार लागतात. एक मी आहे."

"मला न विचारता?"

ती चप्पल घालता घालता थांबली. आवाज नेहमीसारखाच होता, वाचनालयातला. "लग्न झालं त्याच्या पहिल्या वर्षी मी माहेरी गेले होते, आठवतं? अकरा दिवस."

"पाहुणी म्हणून गेली होतीस."

"तुम्हाला तसं सांगितलं त्यांनी. मी परत यायचं नाही म्हणून गेले होते. तुम्ही त्या दिवशी म्हणालात ना, मागे दहा माणसं उभी असतात, दार ठोठावायला घरं असतात. पाच घरं ठोठावली मी. पाची घरांनी चहा पाजला आणि तुमच्या दारापर्यंत आणून सोडलं. दहा माणसं मागे उभी असतात ते खरं आहे. परत ढकलायला."

इंडेंटने पेपर खाली ठेवला. "कशावरून गेली होतीस? काय केलं होतं मी?"

"काही नाही. तुम्ही काही केलं नव्हतं. तुम्ही माझ्याशी बोलत नव्हतात." तिने पर्सची साखळी लावली. "आणि ती वीस मिनिटं. मुलीची पसंती आहे का, असं तुमच्या वडिलांनी विचारलं, आणि माझ्या काकांनी हो म्हणून सांगितलं. मला कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते."

खोलीत पंखा फिरत होता. इंडेंटला एकतीस वर्षांत पहिल्यांदा एक प्रश्न सुचला, आणि तो त्याने विचारला, हे त्याच्या नावावर जमा धरू. "आणि आता? आता विचारलं तर?"

"आता उशीर होतोय मला," ती म्हणाली. "अकराचं आहे. येताय?"

ती दारात उभी राहिली. घड्याळ बघून सांगता येईल इतका वेळ उभी राहिली. इंडेंट खुर्चीतून अर्धा उठला. मग त्याला डोळ्यांसमोर तो चड्डीवाला दिसला, त्याचा बाप दिसला, हात पुढे करून उभे, आणि आपण न बोलावता गेल्यासारखे. "मी कशाला येऊ," तो म्हणाला, "मला कुणी धड बोलावलंय?" आणि खाली बसला. जिन्यावर चपलांचा आवाज आला आणि संपला.

सव्वाअकराला अक्काचा फोन आला. "काय रे, काय झालं? आली का पोरगी नाक घासत?"

इंडेंटने घसा साफ केला. "कसलं काय अक्का, मीच परवानगी देऊन टाकली. म्हटलं, पोरीची पसंती आहे, आपण कशाला आड यायचं? मुलगा चांगला आहे. सरकारी नोकरी. मी सगळी चौकशी केली."

"अगंबाई! तू? बरं केलंस बाबा. शेवटी मोठेपणा तो मोठेपणा." अक्काला गलबलून आलं. "आणि वहिनी? तिचं काय म्हणणं आहे?"

"तिचं काय असणार," इंडेंट सवयीने म्हणाला. "ती पहिल्यापासून..."

पुढचा शब्द त्याच्या तोंडात शेकडो वेळा येऊन गेला होता. आज तो काही केल्या येईना. अक्का तिकडून हॅलो, हॅलो करत राहिली.